रीसेट स्विचवाला ऑप-अँप इंटिग्रेटर: इनपुट शून्य, तरी आउटपुट का सरकतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुलं, तसंच उद्यमबागेतले मशीन दुरुस्त करणारे मित्र, फिरून फिरून हेच प्रश्न पाठवतात. बहुतेकांचं दुखणं एकच असतं: सर्किट पुस्तकाप्रमाणे जोडलंय, पण आउटपुट जागेवर थांबत नाही. हिशेबासाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय, सर्फेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकचं चुंबकत्व तपासायचा छोटा फ्लक्समीटर. त्यात २०० वेढ्यांची, १ चौरस सेंटीमीटर छेदाची कॉइल चकवर टेकवायची, रीसेट सोडायचं आणि कॉइल झटकन लांब न्यायची. कॉइलमध्ये उठलेल्या व्होल्टेजची बेरीज इंटिग्रेटर करतो.

१. इंटिग्रेटर नेमकं करतो काय, आणि रीसेट स्विच कशाला हवा?

इनपुटचं व्होल्टेज रेझिस्टर R मधून इन्व्हर्टिंग पिनकडे येतं. ती पिन ऑप-अँप जवळजवळ शून्य व्होल्टवर धरून ठेवतो, त्यामुळे R मधून Vin/R इतका करंट जातो. पिनमध्ये शिरायला त्याला वाट नसते, म्हणून तो सगळा फीडबॅकच्या कंडेन्सर C मध्ये जाऊन साठतो.

```
Vout = -(1/RC) × ∫ Vin dt
```

कंडेन्सरला आधीचं सगळं लक्षात असतं. मागच्या मोजणीची शिल्लक त्यात पडून असेल, तर नवी मोजणी त्याच शिलकेवर चढते. रीसेट स्विच कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना समांतर लावतात. तो दाबला की शिल्लक रिकामी होते आणि सोडला की मोजणी सुरू होते. सोडल्याच्या क्षणापासून ड्रिफ्टचंही, म्हणजे आउटपुटच्या आपोआप सरकण्याचंही, मीटर पळायला लागतं, हे मात्र ध्यानात ठेवा.

२. इनपुट सरळ ग्राउंडला जोडलंय, तरी आउटपुट हळूहळू चढतं आणि शेवटी सप्लायला जाऊन चिकटतं. आयसी गेला का?

नाही, आयसी ठणठणीत आहे. ऑप-अँपच्या आतले दोन इनपुट ट्रान्झिस्टर कधीच हुबेहूब सारखे नसतात. त्यामुळे आउटपुट स्थिर राहायला दोन पिनांमध्ये थोडा फरक लागतो, त्याला ऑफसेट व्होल्टेज म्हणतात. तो फरक २ मिलिव्होल्ट आहे असं धरा. नॉन-इन्व्हर्टिंग पिन ग्राउंडला असली, तरी इन्व्हर्टिंग पिन २ मिलिव्होल्टवर बसते. R चं दुसरं टोक शून्यावर आहे, म्हणजे R मधून करंट वाहणारच. तो येतो कंडेन्सरमधून, आणि कंडेन्सरमधून सतत करंट काढायचा तर आउटपुटला सतत सरकत राहावं लागतं.

साध्या अँप्लिफायरमध्ये हाच ऑफसेट आउटपुटला ठराविक चूक म्हणून दिसतो आणि तिथेच थांबतो. इंटिग्रेटरमध्ये डीसीला फीडबॅकच नसतो, कारण कंडेन्सर डीसी जाऊ देत नाही. म्हणून इथे चूक थांबत नाही, साचत जाते. भर म्हणून इनपुट पिनांना लागणारा बायस करंटही त्याच कंडेन्सरमधून येतो.

३. किती वेगाने सरकणार, हे आधी काढता येतं का?

येतं, आणि सर्किट जोडायच्या आधी काढावंच. खाली Vos म्हणजे ऑफसेट व्होल्टेज आणि Ib म्हणजे बायस करंट.

```
dVout/dt = Vos/(RC) + Ib/C
```

फ्लक्समीटरसाठी R = १० किलोओहम आणि C = १ मायक्रोफॅरड घेऊ. RC झाला १० मिलिसेकंद. टीएल०८१ या ऑप-अँपचा ऑफसेट डेटाशीटमध्ये साधारण ३ मिलिव्होल्ट असतो, तर वेग येतो सेकंदाला ३०० मिलिव्होल्ट. त्याचा बायस करंट पिकोअँपिअरमध्ये असल्याने तो विसरला तरी चालतो. ±१२ व्होल्ट सप्लायवर हे आउटपुट अर्ध्या-पाऊण मिनिटात सॅच्युरेट होईल.

आता सिग्नल किती ते पाहा. चकवर ०.१ टेस्ला असेल, तर कॉइल पूर्ण लांब नेल्यावर २०० × ०.०००१ × ०.१ = ०.००२ व्होल्ट-सेकंद मिळतात. त्याला १० मिलिसेकंदाने भागलं की आउटपुट २०० मिलिव्होल्ट. म्हणजे टीएल०८१ लावला तर एका सेकंदातला ड्रिफ्ट आख्ख्या सिग्नलपेक्षा मोठा. तिथे ओपी०७ घातला, साधारण ६० मायक्रोव्होल्ट ऑफसेट आणि १.८ नॅनोअँपिअर बायसचा, तर वेग ६ अधिक १.८, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ मिलिव्होल्टवर उतरतो. दोन सेकंदांच्या मोजणीत १६ मिलिव्होल्ट, सिग्नलच्या ८ टक्के. अजून बरं नाही, पण प्र. ७ मधल्या नलिंगने, म्हणजे पॉट फिरवून ऑफसेट मारण्याने, ते सावरता येतं. हे आकडे ठराविक आयसीचे आहेत. हातात आलेला नग यापेक्षा बराच वाईट निघू शकतो, म्हणून डिझाइन करताना डेटाशीटमधला कमाल आकडा घ्या.

४. मग RC मोठा घेतला की ड्रिफ्ट कमी होतो, हे खरं ना? १ मेगोहम टाकू का?

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न, आणि इथेच सगळे फसतात. RC दहापट केला की ड्रिफ्ट दहापट कमी होतो, बरोबर. पण सिग्नलसुद्धा दहापट कमी होतो! मीटरवरचा काटा शांत झाल्यासारखा वाटतो, एवढंच.

चूक आउटपुटवर न मोजता इनपुटकडे व्होल्ट-सेकंदांत मोजा, म्हणजे गोष्ट उघडी पडते:

```
error (V·s) = (Vos + Ib × R) × t
```

यात ऑफसेटच्या वाट्याला R नाही, C नाही. ३ मिलिव्होल्ट ऑफसेट आणि १ सेकंद म्हणजे ०.००३ व्होल्ट-सेकंदांची चूक, तुम्ही कुठलाही RC लावा. आपला खरा सिग्नलच ०.००२ आहे. तेव्हा ऑफसेटशी लढायचे मार्ग तीनच: कमी ऑफसेटचा ऑप-अँप, कमी वेळ, किंवा मोठा सिग्नल, म्हणजे कॉइलला जास्त वेढे किंवा मोठा छेद. सेकंदाऐवजी पाव सेकंदात कॉइल ओढली तर फुकटात चौपट फायदा होतो, आणि सिग्नल तेवढाच राहतो, कारण बेरीज वेगावर अवलंबून नसते. (कॉइलचं व्होल्टेज सप्लायपर्यंत पोचेल इतक्या जोरात मात्र ओढू नका.)

बायस करंटच्या वाट्यात R आहे. म्हणून तोच RC हवा असेल तर R लहान आणि C मोठा घ्या. १ मेगोहम टाकलात तर ओपी०७ चा १.८ नॅनोअँपिअर १.८ मिलिव्होल्ट ऑफसेटसारखा वागतो, म्हणजे महागडा आयसी आणून त्याची किंमत घालवली. उलट R अगदी लहानही करू नये. कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्स R मध्ये मिळतो, आणि तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाने बदलतो. १० किलोओहमपुढे ४० ओहमची कॉइल असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आतलं काम आहे, सोडून द्या.

५. ड्रिफ्ट ऑफसेटमुळे आहे की बायस करंटमुळे, हे कसं ओळखायचं?

दोन मोजण्या करा. साधा मल्टिमीटर आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं.

पहिल्यांदा R चं इनपुटकडचं टोक ग्राउंड करा, रीसेट सोडा, १० सेकंदांनी आउटपुट वाचा. दुसऱ्यांदा R चा इन्व्हर्टिंग पिनकडचा पाय काढून पुन्हा तेच करा. R नसताना ऑफसेटला करंट ढकलायला वाटच उरत नाही, त्यामुळे दुसऱ्या मोजणीत जे सरकतं ते फक्त बायस करंटचं आणि गळतीचं.

समजा ब्रेडबोर्डवर ७४१ आहे, R १०० किलोओहम, C १ मायक्रोफॅरड. R ग्राउंडला असताना १० सेकंदांत ९५० मिलिव्होल्ट सरकलं, R काढल्यावर ८०० मिलिव्होल्ट. दुसऱ्या आकड्यावरून बायस = सेकंदाला ८० मिलिव्होल्ट × १ मायक्रोफॅरड = ८० नॅनोअँपिअर. फरक सेकंदाला १५ मिलिव्होल्ट, गुणिले RC ०.१ सेकंद, म्हणजे ऑफसेट १.५ मिलिव्होल्ट. इथे खरा गुन्हेगार बायस करंट निघाला, आणि ऑफसेट नलच्या मागे लागणारा माणूस उगाच घाम गाळत होता.

R काढण्याऐवजी इनपुट नुसतं उघडं सोडू नका. लटकती वायर ५० हर्ट्झचा हम ओढून आणते आणि वाचन नाचतं. आणि चिन्ह सांभाळा: दोन परिणाम एकमेकांविरुद्धही असू शकतात. ७४१ चा बायस करंट पिनमध्ये शिरतो, तर एलएम३५८ चा बाहेर येतो, म्हणून त्याचं आउटपुट खाली सरकतं.

६. नॉन-इन्व्हर्टिंग पिनला R एवढाच रेझिस्टर लावायला लॅब मॅन्युअलमध्ये सांगतात. लावू का?

७४१ असेल तर लावा. दोन्ही पिनांना सारखाच बायस करंट लागतो असं धरलं, तर दोघांचे परिणाम कटतात आणि फक्त दोन करंटांमधला फरक उरतो: ८० ऐवजी साधारण २० नॅनोअँपिअर. टीएल०८१ ला उपयोग नाही, कारण बायस मुळातच नगण्य आहे. ओपी०७ मध्ये बायस आतल्या आत कापलेला असतो, उरलेला करंट दोन्ही पिनांना सारखा असेलच असं नाही, म्हणून तिथेही फारसा फायदा होत नाही.

७. ऑफसेट नलचा पॉट लावला, आउटपुट शून्यावर आणलं, तरी दोन मिनिटांनी पुन्हा सरकलेलं! असं का?

कारण तुम्ही पॉटने आउटपुट शून्यावर आणलं. पॉटचं काम सरकणं थांबवणं हे आहे. आउटपुट शून्यावर आणायचं काम रीसेटचं. आउटपुट ५ व्होल्टवर जाऊन तिथेच थांबलं असेल तर नल उत्तम झालं आहे.

करायची पद्धत अशी. खरी कॉइल आणि खरा R जोडून सर्किट दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे आयसी तापून स्थिरावेल. कॉइल टेबलावर, चकपासून लांब, न हलवता ठेवा. रीसेट दाबून सोडा आणि काटा कुठे निघालाय ते पाहा. पॉट थोडा फिरवा, पुन्हा रीसेट, पुन्हा पाहा. १० सेकंदांत ५ मिलिव्होल्टपेक्षा कमी सरकलं की थांबा. आपल्या १० मिलिसेकंद RC ला हे इनपुटकडे ५ मायक्रोव्होल्ट झाले. दोन सेकंदांच्या मोजणीत १ मिलिव्होल्ट, म्हणजे २०० पैकी अर्धा टक्का. या पद्धतीने बायस करंटचा वाटाही आपोआप नल होतो, पण त्या R पुरताच. R बदललात तर पुन्हा पहिल्यापासून.

एका गोष्टीने पुष्कळ आयसी बिघडवून घेतले जातात. ७४१ ला पॉट १० किलोओहमचा, पिन १ आणि ५ मध्ये, आणि मधला पाय निगेटिव्ह सप्लायला. ओपी०७ ला पॉट २० किलोओहमचा, पिन १ आणि ८ मध्ये, आणि मधला पाय पॉझिटिव्ह सप्लायला. ७४१ काढून त्याच सॉकेटमध्ये ओपी०७ बसवला, तर पॉटची वायरिंग आधी बदला.

नल कायमचं टिकत नाही. थंडीतल्या बेळगावच्या सकाळी लावलेलं नल दुपारी १० अंशांनी तापलेल्या शेडमध्ये तपासा. टीएल०८१ चा ऑफसेट अंशाला साधारण १८ मायक्रोव्होल्ट बदलतो, म्हणजे १८० मायक्रोव्होल्ट, म्हणजे पुन्हा सेकंदाला १८ मिलिव्होल्ट. ओपी०७ अंशाला अर्धा मायक्रोव्होल्ट बदलतो, त्याचं फक्त अर्धा मिलिव्होल्ट होतं. ओपी०७ ला जास्त पैसे मोजायचे ते खरं यासाठी. ऑफसेट तर पॉटनेही मारता येतो, तापमानाचा बदल पॉटने मरत नाही.

८. रीसेट दाबून धरलंय, तरी आउटपुट दोन-तीन मिलिव्होल्ट दाखवतं. स्विच खराब?

बहुधा नाही. स्विच दाबलेला असताना सर्किट व्होल्टेज फॉलोअर होतं आणि आउटपुटवर ऑफसेटच दिसतो. एका अर्थी ऑफसेट मोजायची ही झटपट रीत आहे. मोजणीची सुरुवात तेवढ्यावरून होते, ती चूक एकदाच येते आणि वाढत नाही.

दुसरं कारण, रीसेट चालू असताना इनपुटवर व्होल्टेज असणं. सीडी४०६६ सारख्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा ऑन रेझिस्टन्स १५ व्होल्ट सप्लायवर साधारण १२५ ओहम असतो. इनपुट १ व्होल्ट आणि R १० किलोओहम असेल, तर आउटपुट १२.५ मिलिव्होल्ट दाखवणार. रीसेट करताना कॉइल स्थिर धरा, प्रश्न मिटला.

९. रीसेट सोडल्यावर आउटपुट आधी भराभर सरकतं, मग मंदावतं. ऑफसेट असं वागतो का?

नाही. ऑफसेट आणि बायसचा ड्रिफ्ट पट्टी लावून काढल्यासारखी सरळ रेघ असतो. सुरुवातीला वेगाने आणि मग मंद, आणि तेही मागच्या मोजणीच्या दिशेने, असं दिसलं तर कंडेन्सरच्या आतल्या पदार्थात जुना चार्ज मुरलेला आहे. क्षणभर शॉर्ट केलं की वरवरचा निघतो, आतला मागाहून झिरपतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर इथे अजिबात नको. सिरॅमिकही टाळा. पॉलिएस्टर कामचलाऊ, पॉलिप्रॉपिलीन चांगला. आहे त्याच कंडेन्सरवर भागवायचं असेल तर रीसेट काही सेकंद दाबून ठेवा.

रीसेट सोडल्याक्षणी एकदाच बारीक उडी येत असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्विचच्या गेटमधून ढकलला गेलेला चार्ज. १० पिकोकूलॉम १ मायक्रोफॅरडवर १० मायक्रोव्होल्ट होतो, दिसणारही नाही. तोच १ नॅनोफॅरडवर १० मिलिव्होल्ट होतो.

१०. रीसेटसाठी पुशबटन, रिले की सीडी४०६६?

हाताने मोजायच्या मीटरला पुशबटन किंवा रीड रिले उत्तम: उघडा असताना गळती जवळजवळ शून्य. मालिकेत ४७ ते १०० ओहम टाका, नाहीतर भरलेला कंडेन्सर थेट शॉर्ट होऊन संपर्क जळतात.

सीडी४०६६ घेताना दोन अडचणी. सिग्नल त्याच्या सप्लायच्या आतच राहायला हवा, म्हणून ±१२ व्होल्टच्या ऑप-अँपला तो सरळ जोडता येत नाही. आणि तो ±५ व्होल्टवर चालवला तर त्याचा कंट्रोलही निगेटिव्ह ५ पर्यंत खाली जावा लागतो. मायक्रोकंट्रोलर शून्याच्या खाली जात नाही, त्यामुळे स्विच नीट उघडतच नाही आणि मुलं ड्रिफ्टला दोष देत बसतात. तिथे सीडी४०५३ वापरा, त्यात लेव्हल बदलायची सोय आतच आहे.

११. कंडेन्सरला समांतर १० मेगोहम लावला की ड्रिफ्ट थांबतो. मग रीसेटची कटकट हवीच कशाला?

थांबतो, पण त्याबरोबर कंडेन्सरची आठवणही गळायला लागते. १० मेगोहम आणि १ मायक्रोफॅरडचा टाइम कॉन्स्टंट १० सेकंद. दोन सेकंदांत साठलेल्यापैकी सुमारे १८ टक्के निघून जातं. शिवाय R १० किलोओहम असेल तर ऑफसेट १००१ पटीने वाढून स्थिरावतो: ३ मिलिव्होल्टचे ३ व्होल्ट. चौकोनी लहरीची त्रिकोणी लहर करायची असेल, म्हणजे सिग्नल सतत वरखाली होणारा असेल, तर समांतर रेझिस्टर योग्य. एकदाच घडणाऱ्या गोष्टीची बेरीज हवी असेल तर रीसेटच.

१२. सिम्युलेशनमध्ये आउटपुट पहिल्या क्षणापासून सप्लायला चिकटलेलं दिसतं.

सिम्युलेटर आधी डीसी स्थिती काढतो. तिथे कंडेन्सर म्हणजे उघडं सर्किट, म्हणून सगळा ऑफसेट पूर्ण गेनने वाढतो. सुरुवातीची स्थिती सांगा:

```
.ic V(out)=0
```

आदर्श ऑप-अँपच्या मॉडेलमध्ये ड्रिफ्ट दिसत नसेल, तर नॉन-इन्व्हर्टिंग पिनच्या मालिकेत २ मिलिव्होल्टचा सोर्स टाका.

१३. खानापूरला उन्हाळ्यात नीट चालणारा बोर्ड जूनपासून वेड्यासारखा सरकतो. आयसी बदलला, तरी तेच.

हा बोर्डावरच्या गळतीचा प्रकार, आणि खानापूरच्या पावसात तो हमखास येतो. ७४१ आणि टीएल०८१ मध्ये नलच्या पिन १ वरचं व्होल्टेज निगेटिव्ह सप्लायच्या जवळ असतं आणि तिला अगदी लागून इन्व्हर्टिंग पिन २. मधे सोल्डरिंगची चिकट पेस्ट राहिली असेल, तर ती ओल धरते. तिथे १००० मेगोहमची वाट तयार झाली तरी १२ व्होल्टला १२ नॅनोअँपिअर, म्हणजे १ मायक्रोफॅरडवर सेकंदाला १२ मिलिव्होल्ट.

ओळखायला प्र. ५ मधली दुसरी मोजणी करा. टीएल०८१ वर R काढल्यावर आउटपुट जवळपास स्थिर राहायला हवं. तरीही सरकत असेल आणि पिनांवर हेअर ड्रायरची कोमट हवा मारल्यावर हळूहळू थांबत असेल, तर दोष आयसीचा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने पिनांमधली जागा दोन्ही बाजूंनी धुवा, वाळवा, मगच लॅकर मारा. ओल आत ठेवून लॅकर मारलं तर ती तिथेच कोंडते. नवा बोर्ड करत असाल तर पिन २ भोवती ग्राउंडची तांब्याची कडी फिरवा. पिन २ स्वतः शून्याजवळच असल्याने कडीपासून तिच्याकडे गळायला व्होल्टेजच उरत नाही.

१४. सगळं नल केलं, पण कॉइल हातात धरली की पुन्हा सरकायला लागतं.

हाताची ऊब. कॉइलची तांब्याची तार आणि दुसऱ्या धातूचा क्लिप किंवा कनेक्टर जिथे जुळतात, तिथे एक टोक गरम आणि दुसरं गार झालं की अंशाला काही मायक्रोव्होल्ट तयार होतात. प्र. ७ मध्ये आपण ५ मायक्रोव्होल्टपर्यंत उतरलो आहोत, त्यामुळे हेही आता दिसतं. दोन्ही जोड एकमेकांना चिकटून एकाच टेपमध्ये गुंडाळा, म्हणजे दोघांचं तापमान सारखं राहील. कॉइलला लाकडी किंवा प्लास्टिकची लांब मूठ लावा, मगरचिमटे काढून वायर सरळ सोल्डर करा, आणि नल करताना कॉइल जशी धरणार तशीच धरून करा.